डायरी लिहिताना कंटाळा येतोय? मग या चुका टाळा

नवीन डायरी लिहिणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या वहीत एकच मजकूर असतो. उठलो, आवरलं, कामाला गेलो, दमलो, झोपतो आता. आणि मग दोन आठवड्यांत तक्रार सुरू, की माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडतच नाही. घडतं हो! तुम्ही पूर्ण दिवस एका पानात कोंबायला जाता, म्हणून सगळे दिवस सारखे दिसतात.

माझ्या एका मित्राने वैतागून त्याची वही माझ्यापुढे टाकली होती. एका पानावर एवढंच, "आज मीटिंग होती. बोअर झालं." मी विचारलं, बोअर नक्की कधी झालं, कोण बोलत होतं तेव्हा? तो जरा थांबला आणि म्हणाला, खरं तर बोअर नाही झालं, मी बोलायला तोंड उघडलं आणि साहेबांनी फाईल मिटली, मग पुढचा अर्धा तास मी पेनाचं टोपण चावत बसलो. म्हटलं, हेच लिही ना! राग आला होता आणि वहीत लिहिलं बोअर. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते, दिवस लिहू नका, दिवसातली पाच मिनिटं लिहा. कोण होतं, काय बोललं, तुमचे हात काय करत होते. आणि छान, बोअर, ठीक असले शब्द आले की लगेच "म्हणजे काय झालं?" असं स्वतःला विचारून पुढचं वाक्य लिहायचं.

दुसरी चूक म्हणजे बॅकलॉग. चार दिवस चुकले की लोक रविवारी बसून चारही पानं भरतात, आठवत काहीच नसतं, मग उगाच काहीतरी रचतात आणि सोमवारी वहीकडे बघवत नाही. राहिलेली पानं सोडून द्या. आजची तारीख टाका आणि आजचंच लिहा, हवं तर तीन ओळी.

झोप डोळ्यावर आल्यावर लिहू नका, संध्याकाळच्या चहासोबत लिहा. पहिला महिना मागची पानं वाचू नका. इंटरनेटवरच्या "जर्नलसाठी १०० प्रश्न" वगैरे याद्या मला अजिबात पटत नाहीत, दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस परीक्षेतल्यासारखं लिहितो. नवशिक्यांना असं सगळं रेडीमेड आणि आठ दिवसांत रिझल्ट हवा असतो, तिथेच घोळ होतो.

रोज एकच रडगाणं येत असेल तर ते दाबू नका, फक्त आज ते नेमकं कशावरून सुरू झालं तेवढं लिहा. चौथ्या-पाचव्या वेळी कारण सहसा वेगळंच निघतं. पण लिहून उठल्यावर दरवेळी आधीपेक्षा जास्त जड वाटत असेल, तर दहा मिनिटांचा टायमर लावा, वाजला की वही बंद, आणि तो विषय काही दिवस वहीत नको, जवळच्या माणसाशी बोला.