पॉवरलाइन अडॅप्टरचा स्पीड कुठे गळतो? या चुका टाळा

गंगापूर रोडवरचा एखादा दुमजली बंगला घ्या. फायबरचा राउटर खाली हॉलमध्ये, कामाचा कॉम्प्युटर वरच्या मागच्या खोलीत. मधल्या स्लॅबमुळे वायफाय वर पोचेपर्यंत जीव टाकतं, भिंतीतले पाइप वायरींनी गच्च भरलेत, आणि नव्या रंगावर केसिंग पट्टी मारायला घरचे तयार नाहीत. अशा वेळी विजेच्या वायरीतूनच इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर कामाला येतात. एक राउटरजवळ, एक कॉम्प्युटरजवळ.

समजा प्लॅन 200 एमबीपीएसचा आहे, खोक्यावर 1000 लिहिलंय आणि वरच्या खोलीत मिळतात 38.

पहिली चूक तो 1000 खरा मानण्याची. तो वायरीवरच्या कच्च्या सिग्नलचा आदर्श परिस्थितीतला कमाल आकडा असतो. येणं आणि जाणं एकाच वायरीवर आलटून पालटून चालतं, शिवाय चुका दुरुस्त करण्यात बराच वाटा खर्च होतो. चांगल्या वायरिंगवरही त्याच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याएवढा स्पीड मिळाला तर तक्रार करू नये. 600 लिहिलेल्या बऱ्याच अडॅप्टरांचं लॅनचं पोर्ट तर 100 चंच असतं, म्हणजे 95 च्या वर काही केल्या जाणार नाही.

पण 38 फारच कमी आहेत. आधी इंटरनेट बाजूला ठेवून फक्त अडॅप्टर मोजा. iperf3 हा स्पीड मोजणारा प्रोग्राम एका लॅपटॉपवर आणि वरच्या कॉम्प्युटरवर टाकून घ्या. तो लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा आणि त्यावर खालची पहिली ओळ चालवा. वरच्या कॉम्प्युटरवर दुसरी आणि तिसरी. आयपी त्या लॅपटॉपचा टाका.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.20 -t 30
iperf3 -c 192.168.1.20 -t 30 -R
```

मग दोन्ही अडॅप्टर एकाच बोर्डच्या शेजारशेजारच्या सॉकेटात लावून हेच मोजा. तिथे 250-300 आले, तर अडॅप्टर ठणठणीत आहेत आणि गळती वायरिंगमध्ये आहे.

सगळ्यात जास्त गळती एक्स्टेन्शन बोर्डात होते, त्यातही स्पाइक गार्डमध्ये. अडॅप्टरचा सिग्नल 2 मेगाहर्ट्झपासून पुढे कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो, आणि नेमकी असली वरची फ्रिक्वेन्सी गाळायलाच स्पाइक गार्डमधले फिल्टर बसवलेले असतात. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटात लावा आणि स्पाइक गार्ड, शक्यतो थोडा लांब, दुसऱ्या सॉकेटात. परदेशी पिनचा अडॅप्टर दोन पिनी कन्व्हर्टरवर चढवला, तर अर्थिंग तुटतं. नवे मॉडेल फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थची वायरही सिग्नलसाठी वापरतात. ती नसली की दुसरा रस्ता बंद. आपल्या बंगल्यात एवढ्याने 38 चे 70 झाले असं धरू.

पुढचा अडथळा फेजचा. थ्री-फेज कनेक्शन असेल तर खालचा हॉल एका फेजवर आणि वरची खोली दुसऱ्यावर असू शकते. मग सिग्नलला सरळ वाट नसते. वायरी पाइपात आणि डीबीत, म्हणजे एमसीबी असलेल्या मुख्य पेटीत, एकमेकींना चिकटून गेल्यात म्हणून जेवढा उडी मारेल तेवढाच. ओळखायची खूण प्रत्येकाने पाहिलेली आहे: एक फेज जातो तेव्हा अर्धं घर अंधारात आणि अर्धं चालू. राउटरचं सॉकेट बंद आणि वरचं चालू राहत असेल, तर फेज वेगळे. खात्रीसाठी वायरमनला दोन्ही सॉकेटांच्या फेजमधला व्होल्टेज मोजायला सांगा: जवळपास शून्य आला तर फेज एक, 400 च्या आसपास आला तर वेगळे. हे स्वतः करू नका. त्या खोलीचं सर्किट डीबीत दुसऱ्या फेजवर घेणं त्याच्यासाठी छोटं काम आहे, फक्त लोड एकाच फेजवर गोळा होत नाही ना आणि फेज ज्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर, गेला, न्यूट्रलही त्याच्यावरच आहे ना, हे त्याने पाहायला हवं. इथे 70 वरून 120-130 पर्यंत उडी दिसू शकते.

इन्व्हर्टरचंही तसंच. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा थेट मेनवर असेल, तर लाइट असताना जेमतेम चालतं आणि गेली की लिंक तुटते, कारण मेनवरचा अडॅप्टरच बंद पडतो. दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. (वाड्यात दोन बिऱ्हाडांचे मीटर वेगळे असतील, तर मीटरपलीकडे भरवशाची लिंक मिळेल असं धरू नका.)

स्पीड दिवसा ठीक आणि रात्री निम्मा होत असेल, तर वायरिंगला हात लावू नका. मोबाइल चार्जर, स्वस्त एलईडी बल्ब, बीएलडीसी पंखे यांच्यातल्या सर्किटचा गोंगाट त्याच वायरीवर येतो. वरची चाचणी `-t 300` ने चालू ठेवा आणि घरातली एकेक वस्तू प्लगमधून काढत जा. चार्जरला मोबाइल लावलेला नसला तरी तो काढा. दर सेकंदाचा आकडा पडद्यावर येतो, त्यामुळे दोषी वस्तू निघाली की तो लगेच वर चढलेला दिसतो. बहुतेकदा ती अडॅप्टरच्याच बोर्डवर सापडते. ती दुसऱ्या खोलीत हलवली तरी पुरतं, कारण वायरीचं अंतर वाढलं की गोंगाटही क्षीण होतो.