टोपीच्या सावलीतले डोळे उजळताना या चुका टाळा

भर उन्हात, डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी घालून काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये हनुवटी आणि गालाचा खालचा भाग लख्ख उजळलेला असतो आणि डोळे मात्र काळोखात बुडालेले असतात. असे फोटो दुरुस्तीसाठी माझ्याकडे सतत येतात. त्यांतले निम्मे काम मूळ फोटोचे नसून, आधी कोणीतरी घाईने केलेल्या दुरुस्तीचे असते. पुढचे विवेचन लाइटरूमच्या अंगाने केले आहे, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. मास्क करता येणाऱ्या इतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्येही हेच तर्क लागू पडतात.

सर्वांत जास्त आढळणारी आणि मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे फक्त डोळे उजळणे. एका होतकरू छायाचित्रकाराने एका क्रीडा प्रशिक्षकांचे पोर्ट्रेट मोठ्या आकारात छापून घेतले होते. ऊन माथ्यावरचे, टोपी गडद लाल, सावलीची कड थेट नाकाच्या मध्यावरून गेलेली. त्याने दोन्ही डोळ्यांवर गोल ब्रश फिरवून Exposure दोन स्टॉप वाढवले होते आणि भोवतालच्या पापण्या, भुवया, कपाळ यांना हातही लावला नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर ते खपून गेले. छापल्यावर मात्र ते गृहस्थ विहिरीच्या तळाशी दिवे लावून बसल्यासारखे दिसू लागले. सावली ही डोळ्यांवर पडलेली नसते, ती छज्ज्याखालच्या सगळ्या चेहऱ्यावर पडलेली असते, आणि पाहणाऱ्याला हे न सांगता कळते. म्हणून उजळायची ती संपूर्ण सावली. डोळ्यांचा विचार त्यानंतर.

किती उजळायची, हे मी डोळ्यांनी ठरवण्याआधी आकड्यांनी पडताळतो. त्या फोटोच्या मूळ रॉ फाइलमध्ये उन्हातल्या गालावर कर्सर नेला, तेव्हा लाल, हिरवा आणि निळा यांची टक्केवारी अनुक्रमे 86, 70 आणि 60 अशी दिसली, आणि सावलीतल्या डोळ्याखालच्या त्वचेवर 39, 32 आणि 30. म्हणजे फरक साधारण अडीच स्टॉपचा. तो सगळा भरून काढला, तर टोपी डोक्यावर आहे पण तिची सावलीच नाही, असे विचित्र चित्र तयार होते. सव्वा स्टॉपच्या आसपास उचलून लाल रंगाची टक्केवारी 58 च्या जवळ आणली की डोळे वाचता येतात आणि ऊनही ऊन राहते. उन्हातल्या भागापेक्षा सावली निदान एक स्टॉप खाली ठेवायची, हा माझा दंडक आहे, आणि तो मोडण्याचे सबळ कारण मला अजून कोणी दिलेले नाही.

दुसरी लाडकी चूक सावलीच्या काठावर होते. टोपीचा छज्जा गालापासून जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर दूर असतो, आणि सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. त्यामुळे अशा सावलीच्या कडेचा धूसर पट्टा एक मिलिमीटरच्या आसपासच भरतो. एवढी धारदार कड असताना नवशिके लोक मऊ, पसरट ब्रश घेतात, कारण मऊ ब्रश म्हणजे नैसर्गिक परिणाम अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात ब्रशचा मऊ काठ उन्हातल्या गालावर सांडतो आणि तिथे पांढुरका पट्टा उमटतो, तर कडेच्या आतल्या बाजूला परिणाम कमी पडल्याने काळपट पट्टा उरतो. चेहऱ्यावर असे दोन पट्टे दिसले की समजावे, ब्रश मोकाट फिरलेला आहे.

यावर माझी सवय अशी: सावलीचा सगळा भाग ब्रशने ढोबळपणे, कडेच्या थोडा बाहेरपर्यंत रंगवायचा, आणि मग त्याच मास्कच्या तीन टिंबांच्या मेनूतून Intersect Mask With निवडून त्याला Luminance Range ची जोड द्यायची. त्यामुळे ब्रशखालचा फक्त अंधारा भागच मास्कमध्ये राहतो आणि कड फोटोतल्या खऱ्या सावलीप्रमाणे आपोआप आखली जाते. ब्रश मुळात मर्यादित असल्याने उन्हातली दाढी-मिशी किंवा गडद कॉलर मास्कमध्ये शिरत नाही, म्हणून नुसत्या Luminance Range वर विसंबू नये. एवढे करूनही काठावर बारीक काळी रेघ राहिली, तर कडेवरचे मधल्या उजेडाचे बिंदू मास्कबाहेर राहिले आहेत असा त्याचा अर्थ. तेव्हा Luminance Range ची वरची मर्यादा रेघ विरेपर्यंत हळूहळू वाढवावी. या कामाला थोडा वेळ लागतो, आणि एका टिचकीत ‘सावली दुरुस्त’ करणारे प्रिसेट विकत घेणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो. प्रिसेटला टोपी कुठे संपते हे कसे कळावे?

संपूर्ण फोटोचा Shadows स्लायडर टोकाला नेणे हा त्याच अधीरपणाचा धाकटा भाऊ. त्याने केस, कपडे आणि पार्श्वभूमीतल्या सावल्याही उचलल्या जातात आणि फोटो राखाडी पडतो.

रंगाकडे मात्र बहुतेकांचे लक्षच जात नाही. सावलीत थेट ऊन पोचत नाही. तिथे निळ्या आकाशाचा आणि जमिनीवरून उसळलेला प्रकाश असतो, म्हणून उचललेली त्वचा निळसर, आजारी दिसते. मास्कमध्ये Temp थोडे पिवळ्याकडे सरकवले की हे निवळते. पण प्रशिक्षकांच्या फोटोत अडचण दुहेरी होती: लाल छज्ज्याच्या खालच्या बाजूवरून परावर्तित झालेला रंग कपाळावर आणि वरच्या पापण्यांवर पडला होता, आणि Temp वाढवताच डोळ्याखालची त्वचा सुधारली, कपाळ मात्र विटेसारखे झाले. तिथे कपाळापुरता वेगळा मास्क करून Saturation पंधराएक अंकांनी कमी करावे लागले. रंगीत टोपी असेल, तेव्हा कपाळ आणि डोळ्याखालची त्वचा यांचे आकडे स्वतंत्रपणे पाहावेत.

डोळ्यांची पाळी सर्वांत शेवटी. पांढऱ्या भागाला खडूसारखे पांढरे करू नये; सावलीत तो करडाच असतो. नकली कॅचलाइट, म्हणजे बुबुळातली चमक, वरच्या कोपऱ्यात चिकटवणे तर अजिबात नको, कारण वर छज्जा असल्याने तिथून प्रकाश येणेच शक्य नाही. खरी चमक असलीच, तर ती बुबुळाच्या खालच्या अर्ध्या भागात, जमिनीच्या प्रतिबिंबाची फिकट कोर म्हणून सापडते. मी तेवढ्याच कोरीवर लहान ब्रशने Exposure आणखी 0.3 ते 0.5 वाढवतो, आणि नजर जिवंत व्हायला बहुधा तेवढे पुरते.

हे सारे रॉ फाइलवर करावे. जेपेगमध्ये काळोख्या भागात छटाच मोजक्या असतात, त्यामुळे उचलताच त्वचेवर पट्टे आणि ठिपके दिसू लागतात. रॉमध्येही हिरवे-जांभळे ठिपके उमटले, तर नॉइज रिडक्शनमधला Color स्लायडर वाढवून पाहावा.

आणि काम सुरू करण्याआधी एक चाचणी: मास्कमध्ये Exposure तात्पुरते तीन स्टॉप वाढवून पाहावे. पापण्यांचे केस आणि बुबुळाची कडा वेगळी ओळखू आली, तर फोटो हाती घ्यावा. तिथे नुसता ठिपक्यांचा गाळ दिसला, तर दुसरी फ्रेम निवडावी, किंवा शक्य असल्यास त्या व्यक्तीला पुन्हा उभे करून हनुवटी किंचित वर घ्यायला सांगावे आणि छातीच्या उंचीवर, खालून वर तोंड करून एक पांढरा रिफ्लेक्टर धरावा.