मराठी ऐकण्याच्या वर्कशीटमध्ये आकडे, वेळा आणि नावं का चुकतात? या चुका टाळा

मराठी नव्याने शिकणाऱ्यांना ऐकण्याचा सराव देताना आपण एखादा छोटा संवाद रेकॉर्ड करतो, त्याची संहिता तयार ठेवतो आणि वर्कशीटवर रकाने देतो: नाव, तारीख, वेळ, रक्कम. यासाठी दवाखान्यातला हा फोन घेऊ:

‘गोखल्यांची अपॉइंटमेंट सोळा तारखेला सव्वापाचला होती ना? तेव्हा डॉक्टर नाहीत. पावणेसहाला पाठवा. फाइल नंबर एकोणसत्तर. आणि फी आता साडेतीनशे नाही, पावणेचारशे झाली आहे.’

बरोबर उत्तरं अशी: गोखले, १६ तारीख, ५:४५, ६९ आणि ३७५. चुकणारे मात्र बहुतेकदा गोखल्या, ६:४५ किंवा ५:१५, ७९ आणि ३५० असं काहीतरी लिहितात. यातल्या प्रत्येक चुकीचं कारण वेगळं असतं, म्हणून ‘नीट ऐका’ एवढं सांगून काही सुधारत नाही.

पहिली चूक शिक्षकाच्याच हातून होते. संहिता आधी वाटली की मुलं कानाने नव्हे, डोळ्यांनी उत्तर शोधतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त टिपणं घ्यायची, दुसऱ्यांदा ऐकताना ती तपासायची आणि मगच संहिता हातात द्यायची. त्या वेळी नवीन उत्तरं लिहायची नाहीत. आपण कुठे चुकलो ती ओळ अधोरेखित करायची. संहितेत आकडे अक्षरांत लिहा. ‘३७५’ छापलं तर वाचणारा ‘तीनशे पंच्याहत्तर’ म्हणेल किंवा ‘पावणेचारशे’, आणि ऐकणाऱ्यासाठी ते दोन वेगळे प्रश्न आहेत. उत्तरपत्रिका रेकॉर्डिंग ऐकूनच पक्की करा.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो संख्यांना. मराठीत एकक आधी ऐकू येतं: ‘पंचवीस’मध्ये पाच आधी, वीस नंतर. ऐकलं तसं डावीकडून लिहिलं की ५२ होतात. त्यावर साधा उपाय म्हणजे डावीकडे एका अंकाची जागा सोडून आधी ५ लिहायचा आणि मग त्या जागेत २ भरायचा. ‘एकोण’ ऐकू आलं तर मात्र ही युक्ती बाजूला ठेवायची. वजाचं चिन्ह काढून पुढचा दशक लिहायचा, म्हणजे एकोणसत्तर हे ‘–७०’, आणि रेकॉर्डिंग थांबल्यावर त्याचे ६९ करायचे. ऐकता ऐकता वजाबाकी करायला गेलं की पुढचं वाक्य निसटतं. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद याच नियमाने जातात, नव्याण्णव मात्र वेगळं शिकवावं लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी संख्यानावं आली तेव्हा मोठा वाद झाला. ती रीत वर्गात सोयीची असेलही, पण दवाखान्यात नि बाजारात कानावर ‘एकवीस’च पडतं. म्हणून ऐकण्याच्या सरावात तेच असावं, असं मला ठामपणे वाटतं.

वेळेलाही हेच लागू आहे. ‘पावणेसहा’ ऐकून सहा हा आकडा कानात राहतो आणि ६:४५ लिहिलं जातं. टिपणात ‘पा६’, ‘स५’, ‘सा७’ एवढंच लिहा, घड्याळाची वेळ नंतर काढा. दीड, अडीच आणि पाऊण यांत तासाचा आकडा ऐकूच येत नाही, त्यामुळे ‘पाऊण वाजता’ म्हणजे १२:४५ हे पाठच हवं. हेच शब्द शंभराला लागले की पाव म्हणजे पंचवीस: सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. पावणेचारशेला कुणी ३८५ लिहिलं, तर तो तासातली पंधरा मिनिटं शंभरातून वजा करतोय, हे लगेच कळतं.

५:१५ आणि ३५० लिहिणाऱ्याला शब्द बरोबर कळलेले असतात. फक्त पहिलं उत्तर मिळाल्यावर त्याने पेन खाली ठेवलेलं असतं. ‘होती ना’, ‘नाही’, ‘आता’, ‘थांबा’ हे शब्द आले की आधीच्या टिपणावर एक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं. खोडून टाकू नये, कारण संहिता पाहताना गोंधळ कुठे झाला ते त्या रेघेवरून दिसतं.

नावांची अडचण व्याकरणातून येते. गोखले, साठे, देशपांडे ही एकारान्त नावं प्रत्यय लागताना बदलतात: गोखल्यांची, साठ्यांना, देशपांड्यांकडे. पुणे आणि ठाणेही तसेच, पुण्याला, ठाण्याहून. टिपणात ऐकलं तसं ‘गोखल्यां–’ लिहावं आणि रकान्यात भरताना मूळ नावावर यावं. सुरुवातीच्या वर्कशीटमध्ये जोशी, कुलकर्णी अशी नावं घ्या. ‘जोशींना’ आणि ‘कुलकर्णींना’मधून मूळ नाव सरळ ऐकू येतं. साठे मात्र थोडे उशिरा आणा, नाहीतर ‘साठ्यांना’ ऐकून कुणीतरी हमखास रकान्यात ६० लिहितं.