मॅक्स म्हणजे ऑर्डर नव्हे: हार्डवेअरच्या दुकानात मिनिमम-मॅक्सिमम लावताना या चुका टाळा

दुकानात कॉम्प्युटर आला की पहिल्या आठवड्यात उत्साहाने प्रत्येक आयटमला मिनिमम, म्हणजे ज्याच्या खाली माल गेला की ऑर्डर द्यायची तो आकडा, आणि मॅक्सिमम भरले जातात. सहा महिन्यांनी त्याच दुकानात एल्बो संपलेले असतात आणि माळ्यावर कड्यांची खोकी धूळ खात पडलेली असतात. मग मालक म्हणतो, "हे मिन-मॅक्स आपल्या धंद्यात चालत नाही." चालतं. आकडे भरणाऱ्याने ते कशासाठी आहेत हे समजून न घेता भरलेले असतात, एवढंच.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आधी सांगतो, कारण ती माझ्याच दुकानात झाली आहे.

आमच्याकडे आठ इंची ब्रासच्या टॉवर बोल्टला मिनिमम २४ आणि मॅक्सिमम ७२ होता. महिन्याला साधारण २८ नग जायचे. माल जामनगरहून, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून हातात यायला तीन आठवडे. पुतण्या नुकताच दुकानात बसायला लागला होता. त्याने रॅक पाहिला, १८ नग होते. मॅक्स ७२ लिहिलंय, म्हणून त्याने ७२ मागवले. खरं तर ५४ मागवायला हवे होते, कारण मॅक्सिमम म्हणजे ऑर्डर दिल्यावर आपल्या नावावर एकूण किती नग असावेत तो आकडा. भांड्याला आतून मारलेली रेघ समजा. आत आधीच पाणी असेल तर तेवढं कमी ओतायचं.

पण नुसते १८ नग जास्त आले असते तर मी लिहायलाही बसलो नसतो. पुढे आठवड्याने तो पुन्हा ब्रासच्या रॅकपाशी गेला. आता ११ शिल्लक. मिनिममच्या खाली. त्याने परत ७२ ची ऑर्डर टाकली. पहिला माल तेव्हा ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये होता आणि त्याची बिल्टी माझ्या शर्टच्या खिशात. मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं. दोन्ही पार्सलं दोन दिवसांच्या अंतराने आली, तेव्हा रॅकवर चार-पाच नग उरले होते. म्हणजे दीडशेच्या आसपास बोल्ट, पाच महिन्यांहून जास्त दिवसांचा माल. त्यात त्याच वर्षी गावातले सुतार स्टीलकडे वळले. ब्रास पडून राहिलं की काळपटतं, गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं. शेवटचे चाळीसएक नग मी खरेदीच्या खाली दिले. पुतण्याला बोललो खरा, पण बिल्टी खिशात घेऊन फिरणारा मीच होतो.

तेव्हापासून ऑर्डर काढताना एकच हिशेब करतो:

```
हिशेबाचा स्टॉक = रॅकवरचा + वाटेतला − कबूल केलेला
ऑर्डर = मॅक्स − हिशेबाचा स्टॉक
```

वाटेतला म्हणजे ऑर्डर दिलेला पण न आलेला. कबूल केलेला म्हणजे गिऱ्हाइकाने "उद्या नेतो" म्हणून बाजूला ठेवायला सांगितलेला. मिनिममशी तुलनाही याच आकड्याची करायची, नुसत्या रॅकची नाही. माझी पद्धत साधी आहे: ऑर्डर गेली की त्या खणाला लाकडी चिमटा लावतो, चिमट्यात नग आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. माल मोजून लागला की चिमटा निघतो. टॅली वापरणाऱ्यांसाठी Reorder Status हा रिपोर्ट वाटेतला माल धरतो, पण खरेदीची ऑर्डर टॅलीत टाकली असेल तरच. आपल्याकडे ऑर्डर फोनवर जाते आणि थेट बिलाचीच एंट्री होते, त्यामुळे तो कॉलम कायम रिकामा. मग रिपोर्टवर विश्वास ठेवून परत डबल ऑर्डर.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. मिनिमम काढताना लोक फक्त माल यायला लागणारे दिवस धरतात. सेल्समन कधी येतो हे विसरतात.

पाऊण इंची सीपीव्हीसी एल्बो घ्या. आमच्याकडे रोज सरासरी १२ जातात, रविवार बंद. सेल्समन दर मंगळवारी सकाळी येतो, माल शुक्रवारी सकाळी, म्हणजे कामाच्या तीन दिवसांत. नवशिक्याचा हिशेब असा: तीन दिवस गुणिले १२ म्हणजे ३६, थोडे वर धरून मिनिमम ५०. आता एखाद्या मंगळवारी ५२ नग आहेत. मिनिममच्या वर, म्हणून ऑर्डर नाही. मंगळवार ते शुक्रवार ४८ गेले. शनिवारी सकाळी चार उरले, दुकान उघडल्याबरोबर संपले. ऑर्डर पुढच्या मंगळवारी, माल त्या शुक्रवारी. शनिवार ते गुरुवार, रविवार सोडून पाच दिवस दुकानात एल्बो नाही. पन्नास-साठ एल्बोंचा नफा गेला तर फार नाही, पण प्लंबर एल्बोसाठी एका दुकानात आणि पाइपासाठी दुसऱ्या दुकानात जात नाही. तो पूर्ण यादीच शेजारी नेतो.

म्हणून मंगळवारी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: आज ऑर्डर दिली नाही, तर आत्ताचा माल कधीपर्यंत पुरला पाहिजे? पुढच्या मंगळवारपर्यंत सहा दिवस, त्यावर माल यायचे तीन, एकूण नऊ. ट्रान्सपोर्टने दगा दिला तर तिनाचे सहा होतात, हे मी अनेकदा पाहिलंय, म्हणून बारा दिवस धरतो. बारा गुणिले बारा १४४, पाकीट ५० नगांचं, म्हणून मिनिमम १५०.

मॅक्सिमम त्यावर एका ऑर्डरीएवढा. एक ऑर्डर केवढी असावी हे प्रत्येकाने आपल्या गल्ल्याकडे, जागेकडे आणि उधारीच्या मुदतीकडे बघून ठरवावं. एल्बो स्वस्त, खप नक्की, सडत नाही. मी दोन आठवड्यांचा खप धरतो, १४४, म्हणजे तीन पाकिटं. मॅक्स ३००. होलसेलर तीस दिवसांची उधारी देत असेल तर बिल भरायच्या आत त्या ऑर्डरीचा माल विकून झालेला असावा, एवढं मी बघतो.

आता चालवून बघा. गेल्या मंगळवारी हिशेबाचा स्टॉक १६० होता, मिनिममच्या वर, म्हणून सोडून दिलं. आठवड्यात ६८ विकले. आज रॅकवर ९२, वाटेत काही नाही, एका प्लंबरला २० कबूल केलेत. हिशेबाचा स्टॉक ७२. ऑर्डर ३०० उणे ७२, म्हणजे २२८. पाकिटात बसत नाही. चार की पाच? मी चारच घेतो, २०० नग. त्याने २७२ होतात, मिनिममच्या बरेच वर. खालच्या पाकिटावर उतरून आकडा मिनिममच्या खाली जात असेल तरच वरचं पाकीट घ्यायचं. आणि बघा, हे ७२ नग सहा दिवस पुरतात. माल सहा दिवसांनी आला तरी भागेल. मिनिमम ५० असता तर आपण अजून एक आठवडा निश्चिंत बसलो असतो.

आता हा "रोज १२" आला कुठून? इथे घाई करणारे आपटतात. कॉम्प्युटरवर आठ आठवड्यांची विक्री काढली तर ७५६ नग. दिवस ४८. भागाकार पावणेसोळा. पण त्यातले ३०० एका ठेकेदाराने एका इमारतीसाठी एका दिवशी उचलले होते. तो परत कधी येईल हे त्यालाही माहीत नाही. अशी विक्री सरासरीतून काढायचीच. ठेकेदाराचा मोठा माल त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेऊन वेगळा मागवावा, रॅकच्या भरवशावर देऊ नये. उरले ४५६, भागिले ४८, साडेनऊ. इथे थांबलात तरी चूकच, कारण त्या ४८ दिवसांत दहा दिवस एल्बो संपलेले होते. संपलेल्या दिवशी विक्री शून्य दिसते, मागणी शून्य नसते. ४५६ भागिले ३८, तेव्हा १२ येतात. साडेनऊ धरून मिनिमम लावणाऱ्याचा माल परत संपतो, सरासरी अजून उतरते, मिनिमम अजून खाली जातो. एक चांगला चालणारा आयटम असाच मरताना मी पाहिलाय, आणि मालक म्हणतो, "आता त्याला पूर्वीसारखी मागणी नाही."

बाकीच्या चुका पटकन.

सगळ्या आयटमना सरसकट "पंधरा दिवसांचा मिनिमम" लावू नका. अलीगढचं कुलूप आणि गावातल्याच होलसेलरकडचा खिळा यांना एकच दिवस कसे चालतील? पाण्याची मोटर महिन्याला एखादी जाते. तिला मिनिमम १, मॅक्स २, बस.

सॉल्व्हंट सिमेंटचा डबा घट्ट होत जातो. त्याचा मॅक्स एल्बोच्या प्रमाणात वाढवू नका, मुदत बघून ठरवा.

सेल्समनच्या स्कीमसाठी मॅक्स मोडायचा असेल तर जास्तीचा माल किती दिवसांत जाईल ते त्याच्यासमोर वहीत लिहा. निम्म्या स्कीमा तिथेच संपतात.

कॉम्प्युटरवर स्टॉक मायनस दिसत असेल तर त्या आयटमचे मिन-मॅक्स बघूच नका, आधी मोजा. खिळे आणि बाइंडिंग वायर किलोने विकतो, तिथे वजनकाट्याची घट धरूनही आकडा हलतो. मी सोमवारी संध्याकाळी, सेल्समन यायच्या आदल्या दिवशी, फक्त त्याच्या कंपनीचे खण मोजतो. अर्धा तास लागतो. पूर्ण दुकान एका दिवसात मोजायचा संकल्प करणारे दुसऱ्या वर्षी मोजतच नाहीत.

आणि ताडपत्री. तिचा मिनिमम मेमध्ये वाढवायचा हे सगळ्यांना कळतं. उतरवायचा कधी, हे विसरतात. पाऊस जोरात असताना जुलैत विक्री बघून मनात हिरवळ येते आणि मोठी ऑर्डर जाते. तो माल येईपर्यंत ज्याला छप्पर झाकायचं त्याने झाकलेलं असतं. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच ताडपत्रीचा मॅक्स मिनिममएवढा करतो आणि पंधरा तारखेनंतर दोन्ही शून्य. त्यानंतर कुणी मागितली आणि नसली, तर शेजारच्या दुकानातून आणून देतो.