झुगझ्वांग ओळखताना होणाऱ्या या चुका टाळा

ठाण्यात पाचपाखाडीच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पोरांना बुद्धिबळ शिकवतो. मागच्या आठवड्यात सातवीतला एक मुलगा पांढऱ्याने खेळत होता. दोघांकडे एकेक राजा आणि एकेक प्यादं उरलं होतं. पांढरा राजा g5 वर, प्यादं e4 वर. काळा राजा c3 वर, प्यादं e5 वर. प्यादी समोरासमोर अडलेली आणि चाल पांढऱ्याची.

पोराने क्षणात राजा f5 वर टाकला. थेट e5 च्या प्याद्यावर हल्ला! काळा शांतपणे d4 वर आला. आता पोराचा हात पटावर येईना. "सर, मी तर आधी पोचलो होतो!"

आधी पोचला, हीच चूक. d4 वरून काळा राजा स्वतःचं प्यादं राखतो आणि e4 वर डोळाही ठेवतो. पांढरा राजा f5 वरून नेमकं हेच उलट्या बाजूने करतोय. चाल नसती, तर दोघंही सुखाने तिथेच बसले असते. पण पत्त्यांसारखं 'पास' इथे म्हणता येत नाही. पांढऱ्याचं प्यादं अडलंय, म्हणजे राजा हलवावाच लागतो. f4 वर तो जाऊ शकत नाही, कारण ते घर काळ्या प्याद्याच्या माऱ्यात आहे. बाकी कुठेही गेला तरी e4 उघडं पडतं आणि काळा ते खातो. हाच झुगझ्वांग. जर्मनमध्ये 'त्सुग' म्हणजे चाल आणि 'त्स्वांग' म्हणजे सक्ती.

या स्थितीची गंमत अशी की काळ्याची चाल असती तर तोच हरला असता. म्हणजे d4 आणि f5 ही दोन्ही घरं सुरुंग पेरल्यासारखी आहेत. जो आधी पाय ठेवेल, तो उडेल. म्हणून पोराने राजा f6 वर न्यायला हवा होता. तिथूनही e5 वर हल्ला आहेच. काळा प्यादं वाचवायला d4 वर येतो, आणि तेव्हा पांढरा f5 वर पाऊल टाकतो. पट तोच, घरं तीच, फक्त चाल आता काळ्याची. त्याला d4 सोडावं लागतं आणि e5 जातं. d4 वर न येता काळा d3 वर गेला तर? पांढरा सरळ e5 खातो. त्याच घरातून तो e4 राखतोही.

हरल्यावर पोरं शेवटच्या चालीतच चूक शोधत बसतात: "मी g4 ला जायला हवं होतं का?" तिथे कुठलीच चाल बरोबर नव्हती. नेहमी एक चाल मागे जाऊन पाहायचं. आणि ओळखायची युक्ती सोपी आहे: राजा ठेवण्याआधी मनात समोरच्याची चाल करून बघा, मग स्वतःला विचारा, "आता मला पास म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं का?" उत्तर 'हो' आलं की त्या घरात जायचं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. वरच्याच स्थितीत (पांढरा राजा f5, काळा d4, चाल पांढऱ्याची) a2 वर पांढरं आणि a5 वर काळं प्यादं आहे असं धरा. आता पांढऱ्याकडे राखीव चाल आहे. सवयीने a3 केलं, तर काळा a4 करतो, प्यादी अडतात आणि राजा हलवायची पाळी पुन्हा पांढऱ्यावर. त्याऐवजी एकदम a4 करा. प्यादी तिथेच अडतात आणि काळ्याला राजा हलवावा लागतो.

मग नेहमी दोन घरंच पुढे जायचं का? नाही. काळं प्यादं a6 वर असेल तर गणित उलटतं. a4 केलं की काळा a5 करतो आणि पांढरा फसतो. इथे a3 बरोबर: काळा a5, पांढरा a4, आणि राजा हलवायची वेळ काळ्याची. तुमच्या चालीनंतर दोन प्याद्यांमध्ये शून्य किंवा दोन मोकळी घरं उरली पाहिजेत. एक उरलं तर ते समोरचा घेणार.

मात्र हा हिशेब काळं प्यादं एकेकच घर चालू शकतं तेव्हाचा. ते a7 वर असेल तर त्यालाही दोन घरांची उडी आहे. तिथे नियम गुंडाळून ठेवा आणि दोन्हीकडच्या चाली बोटांवर मोजा. खरं तर म्हणूनच मी पोरांना सांगतो की कडेचं प्यादं हात शिवशिवतात म्हणून पुढे ढकलू नका. विसाव्या चालीला उगीच केलेली a3 पन्नासाव्या चालीला आठवते.

त्या पोराला परवा तोच पट पुन्हा मांडून दिला, रंग बदलून, आणि पहिली चाल काळ्याची ठेवली. d4 कडे नेलेला हात त्याने मध्येच थांबवला, आणि राजा d3 वर ठेवला.