सॉफ्टनर बंद पडला? रेझिन बदलण्याआधी मिठाच्या टाकीत काठी घालून बघा

नळांवर पुन्हा पांढरे डाग पडू लागले आणि साबणाला फेस येईनासा झाला, की सर्व्हिसवाला येतो, दोन मिनिटं बघतो आणि सांगतो, "साहेब, रेझिन गेलं." रेझिन म्हणजे सॉफ्टनरमधले पाण्याचा जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी. ते गेले, हे कधी खरंही असतं. पण पावसाळ्यात ही तक्रार आली, तर माझा पहिला संशय मिठावर असतो.

त्याआधी एक चूक टाळा. सॉफ्टनर चालतोय की नाही हे टीडीएस मीटरने तपासू नका. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्याजागी सोडियम सोडतो. क्षार एकूण तेवढेच राहतात, त्यामुळे टीडीएसचा आकडा जवळजवळ हलत नाही. तपासायला हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, मोजायचं थेंबांचं किट आणा. त्यात पाण्याचा रंग लालसर जांभळ्यावरून निळा व्हायला किती थेंब लागले ते मोजायचं असतं. पाणी सॉफ्टनरच्या आउटलेटवरच घ्या, कारण गच्चीवरच्या टाकीत जुनं जड पाणी मिसळलेलं असतं. आणि हो, बायपास व्हॉल्व्ह कुणी उघडा ठेवलेला नाही ना, तेही बघा. प्लंबर येऊन गेल्यावर हे हमखास होतं.

आता मीठ. ते संपलं असेल तर लगेच दिसतं. घोळ होतो तो टाकी भरलेली दिसते तेव्हा. दमट हवेत वरच्या मिठाचे कण एकमेकांना चिकटून कडक स्लॅब तयार होतो. खालचं मीठ विरघळून जातं, मध्ये पोकळी राहते आणि टाकीतलं पाणी मिठाला शिवतही नाही. मशीन ठरल्या वेळी रिजनरेशन करतं खरं, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन पुन्हा कामाला लावतं, पण रेझिनला मिळतं जेमतेम खारट पाणी. खूण सोपी आहे: तीन-चार आठवडे झाले तरी मिठाची पातळी उतरलेली नाही.

केरसुणीचा दांडा किंवा लाकडी काठी सरळ खाली घाला. काठी मध्येच टणक थरावर अडली, तर तोच स्लॅब. मधोमध हळूहळू टोचून तो फोडा. लोखंडी पहार नको, प्लॅस्टिकची टाकी आणि आतली ब्राइनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची, नळी दोन्ही फुटू शकतात. फारच कडक असेल तर वर थोडं गरम पाणी ओता. मग तीन-चार तास थांबा, मीठ विरघळू द्या, आणि त्यानंतरच हाताने रिजनरेशन लावा. लोक इथे घाई करतात आणि "फोडूनही फरक नाही" म्हणतात.

पुढे टाकी दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नका आणि झाकण नीट लावा. बारीक आयोडीनयुक्त मीठ लवकर गोळा होतं. स्वस्त खडे मिठातली माती तळाशी गाळ होऊन ब्राइन खेचणारा इंजेक्टर चोंदवते. सॉफ्टनरच्या मिठाच्या गोळ्या थोड्या महाग पडतात, पण माझं मत त्यांच्याच बाजूने.

मीठ ठीक असूनही पाणी जड येतंय? मग रेझिनचा हिशेब करा. समजा, बोअरच्या पाण्याच्या एका रो-हाऊसमध्ये 25 लिटर रेझिन आहे. प्रत्येक रिजनरेशनला साधारण अडीच किलो मीठ दिलं, तर ते ढोबळमानाने 1250 ग्रॅम हार्डनेस धरतं. पाण्याचा हार्डनेस 400 पीपीएम असेल, तर सुमारे 3100 लिटर पाणी मऊ मिळेल. रोजचा वापर 600 लिटर म्हटलं, तर पाच दिवस. मे महिन्यात बोअरचं पाणी खोल गेलं आणि हार्डनेस 600 झाला, की तेच रेझिन 2100 लिटरलाच भरतं, म्हणजे साडेतीन दिवस. सेटिंग मात्र पाच दिवसांवरच राहिलेलं असतं. इथे रेझिनचा काही दोष नाही. इनलेटच्या पाण्याचा हार्डनेस मोजा आणि सेटिंग बदला.

खरोखर थकलेलं रेझिन वेगळं वागतं. पूर्ण मिठाचं रिजनरेशन झाल्यावर पाणी मऊ येतं, पण 3100 ऐवजी 1500 लिटरलाच हार्डनेस परततो. रिजनरेशननंतर पहिल्या बादलीपासूनच पाणी जड असेल, तर बहुधा ब्राइन खेचलं जात नाही किंवा व्हॉल्व्हमधून कच्चं पाणी मिसळतंय. मिठाच्या टाकीतलं पाणी रिजनरेशनच्या वेळी उतरतं का, ते उभं राहून बघा.

चांगलं रेझिन बरीच वर्षं टिकतं. क्लोरीनने त्याचे मणी मऊ पडतात, मग नळाचा दाबही कमी होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल, म्हणजे उपसल्यावर स्वच्छ दिसणारं पाणी थोड्या वेळाने तांबूस होत असेल, तर मण्यांवर गंजाचा थर चढतो. तो रेझिन क्लीनरने बराचसा निघतो, तेव्हा बदलण्याआधी एकदा ते करून बघा. मऊ पडलेल्या मण्यांवर मात्र इलाज नाही. तेव्हा फक्त रेझिन बदलून घ्या. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह चांगले असतील तर अख्खा सॉफ्टनर नवा घ्यायची गरज नाही. लोहाचं पाणी असेल तर आधी लोह काढणारा फिल्टर बसवा, नाहीतर नवं रेझिनही तसंच तांबडं होईल.