पोर्टलचे फॉर्म स्क्रिप्टनं भरताय? मी केलेल्या या चुका टाळा

आमच्या शाळेत पाचवी ते दहावीची ४१२ मुलं आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की प्रत्येकाची माहिती पोर्टलवर अद्ययावत करायची असते: तालुका-गाव, पालकांचा मोबाइल, बँक खातं, आयएफएससी आणि मूल सध्या कुठं आहे ती ‘स्थिती’. एका मुलाला चार मिनिटं धरली तरी साडेसत्तावीस तास होतात. तेही दिवसा जमत नाही, कारण साडेदहा वाजले की पोर्टल नुसतं गोल गोल फिरत बसतं. मी कनिष्ठ लिपिक. चार वर्षं हे काम रात्री जेवणं उरकून घरी केलं. पाचव्या वर्षी भाच्याला पकडलं, त्याच्याकडून थोडं पायथन आणि सेलेनियम शिकून घेतलं, मुख्याध्यापकांना विचारलं आणि स्क्रिप्ट लिहिली. लॉगिन, ओटीपी, कॅप्चा मी हातानंच टाकते. पुढचं ती भरते. (पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका. शाळेचा संगणक सगळ्यांचाच असतो.)

पहिला घोळ पोर्टलवर नव्हताच, एक्सेलमध्ये होता. वर्गशिक्षकांनी खाते क्रमांक साध्या रकान्यात टाइप केले होते. एक्सेल तो आकडा समजून चालतं. त्यामुळे सुरुवातीचं शून्य गळतं आणि १५ अंकांच्या पुढचं काही त्याला धरून ठेवता येत नाही. 1234567890123456 टाकलं की आत 1234567890123450 राहतं आणि रकान्यात 1.23457E+15 असलं काहीतरी दिसतं. मला वाटलं, हे फक्त दिसण्यापुरतं आहे. मग मी पायथनमध्ये हे लिहिलं आणि निश्चिंत झाले:

```python
df = pd.read_excel("yadi.xlsx", dtype=str)
```

ही ओळ हवीच, पण जो अंक एक्सेलनं आधीच खाल्लाय तो ती परत आणत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: १६ आकडी खाती वेगळी काढून शेवटचा अंक बघा. सगळ्यांच्या शेवटी शून्य असेल तर ती खाती गेली. पासबुकं परत मागवा. रकाना टाइप करायच्या आधी ‘टेक्स्ट’ करायला हवा, नंतर करून उपयोग नाही. आयएफएससी अकरा अक्षरी असतो आणि पाचवं अक्षर कायम शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. तेवढी तपासणी स्क्रिप्टमध्येच टाका. SYNB नं सुरू होणारा कोड दिसला तर पासबुक जुनं आहे. सिंडिकेट बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली आणि ते कोड १ जुलै २०२१ पासून बंद आहेत.

दुसऱ्या चुकीत माझे दोन दिवस गेले. फॉर्मवर तालुका निवडला की त्या तालुक्यातली गावं सर्व्हरवरून येतात, मग गाव निवडायचं. मी मध्ये time.sleep(2) टाकलं होतं. रात्री अकराला दोन सेकंद भरपूर झाले. सकाळी तीच स्क्रिप्ट लावली तर यादी यायला सहा-सात सेकंद लागत होते. गाव सापडलं नाही की स्क्रिप्ट लाल अक्षरांत बोंब मारून थांबायची. त्याचा मला वैताग आला आणि मी हे केलं:

```python
try:
    gaon.select_by_visible_text(r["gaon"])
except:
    pass
```

हे कधीही करू नका. बोंब थांबली, चूक तिथंच राहिली. गाव रिकामं असलं तरी पोर्टल ‘तात्पुरतं जतन’ करून घेत होतं, स्क्रिप्ट ‘झालं’ म्हणत होती आणि मी चहा पीत होते. शेवटी पोर्टलवरून अहवाल उतरवून माझ्या यादीशी विद्यार्थी क्रमांकानं जुळवला, तेव्हा ६३ मुलं बिनगावाची निघाली.

उपाय असा. घड्याळ लावून थांबू नका, यादी भरेपर्यंत थांबा:

```python
WebDriverWait(driver, 30).until(lambda d:
    len(Select(d.find_element(By.ID, "gaon")).options) > 1)
```

यातही एक मेख आहे. फॉर्म तसाच ठेवून पुढच्या मुलाचा तालुका बदलला, तर आधीच्या तालुक्याची गावं यादीत अजून असतात, अट लगेच पुरी होते आणि स्क्रिप्ट जुन्याच यादीत हात घालते. पिंपळगाव दोन्ही तालुक्यांत असलं की झालंच. म्हणून प्रत्येक मुलासाठी फॉर्म नव्यानं उघडते. वेळ थोडा जातो, पण यादी रिकामी असल्याची खात्री असते. `except` मध्ये `pass` ऐवजी त्या मुलाचा क्रमांक वेगळ्या फाइलीत लिहिते आणि ती फाइल रिकामी होईपर्यंत काम झालं असं म्हणत नाही.

हे सगळं निस्तरल्यावर ४१२ च्या ४१२ नोंदी जुळल्या. अक्षर न् अक्षर जुळलं. मी खूश. चौथ्या दिवशी पोषण आहाराचं काम बघणारे सर टेबलाशी आले. “मॅडम, तुमच्या पोर्टलवर पाचवी ते आठवी २६८ मुलं शाळेत आहेत. मी रोज खिचडी २०९ ची टाकतोय. बाकीच्यांची कोण खातंय?”

पाच-दहा गैरहजर समजू शकतात. एकोणसाठ नाही. मी एक्सेल उघडलं. ‘स्थिती’च्या रकान्यात पहिल्या ओळीत मी ‘शाळेत’ लिहिलं होतं आणि कोपरा धरून खाली ४१२ पर्यंत ओढलं होतं. बहुतेक मुलं शाळेतच असतात, म्हणून.

आमचा जिल्हा बीड. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुलं एकतर आजीकडे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात, नाहीतर आईबापांबरोबर थेट त्यांच्या झोपडीत, कोपीवर. आधीची चार वर्षं मी हाताने भरायचे तेव्हा ‘स्थिती’शी आले की बोट थांबायचं. ही गेली का? नाव कागदावर उतरवायचे, सकाळी वर्गशिक्षकांना विचारायचे. त्यावरूनच स्थलांतराची यादी व्हायची, आणि त्या यादीवरून शिक्षण हमी कार्ड काढायची, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत मूल बसू शकेल. हे मी करत होते, पण ते काम आहे हे माझ्याही लक्षात नव्हतं. मी त्याला टाइपिंग म्हणत होते. त्या वर्षी बोट थांबलंच नाही. वर्गावर्गांत फिरलो तेव्हा ४४ मुलं गावात नव्हती आणि त्यांतल्या एकाच्याही हातात कार्ड नव्हतं. मुकादमांचे फोन लावून लावून एकोणतीस मुलांपर्यंत पोचलो. बाकीची मार्चनंतर आली.

आता बाकी सगळं स्क्रिप्ट भरते, पण एका ओळीवर मुद्दाम थांबते:

```python
sthiti = input(r["naav"] + " : ")
```

मी लॅपटॉप शिक्षक खोलीत नेते आणि वर्गशिक्षकांना शेजारी बसवते. एका वर्गाला अर्धा तास लागतो. गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीच्या नावापुढं कर्सर लुकलुकत होता. मी ‘शाळेत’ टाइप करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “थांबा. आज आहे ती, पण टोळी सोमवारी निघतेय, आणि आई म्हणतेय धाकट्याला सांभाळायला घेऊन जाते.” सोमवारच्या आधी तिच्या घरी कोण जाणार ते ठरलं, मग मी एंटर दाबलं.